राजीनाम्याआधीची तारीख

नोकरी सोडणाऱ्याला शेवटच्या दिवशी एक फॉर्म देतात. आयकार्ड जमा करायचं, लॉकरची किल्ली द्यायची आणि जाता जाता ‘सोडण्याचे कारण’ हा रकाना भरायचा. बहुतेक जण तिथे ‘चांगली संधी’ किंवा ‘घरगुती कारण’ लिहून मोकळे होतात. फुल अँड फायनलचे पैसे अजून हातात पडायचे असतात, रिलीव्हिंग लेटरवर सही व्हायची असते आणि पुढची कंपनी चौकशीचा फोन याच साहेबांना करणार असते. अशा वेळी वाईटपणा कोण घेईल?

एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे हा फॉर्म नव्हे. ती साधारण पाऊण तासाची बैठक असते, आणि ती कोण घेतं व कधी घेतं यावर तिचं निम्मं यश ठरतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांचे सहलेखक एव्हरेट स्पेन यांनी 2016 मध्ये यावर एक लेख लिहिला होता. थेट वरिष्ठापेक्षा त्याच्याही वरच्या पातळीवरच्या व्यक्तीसमोर माणूस जास्त मोकळं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. वेळही त्यांनी सुचवली: राजीनाम्यानंतरचा राग ओसरलेला, पण मन अजून कंपनीतून पुरतं निघालेलं नाही, असा मधला काळ. महिन्याची नोटीस असेल तर दुसरा आठवडा त्यासाठी बरा. सोडून गेल्यावर काही काळाने फोन करणं हा आणखी एक मार्ग. तोवर पैसे आणि पत्र हातात आलेलं असतं, त्यामुळे बोलण्यातला संकोच कमी होतो.

आता प्रश्नाकडे येऊ. ‘तुम्ही का जाताय?’ असं विचारलं की समोरचा नव्या नोकरीबद्दल बोलतो, कारण त्याच्या मनात तीच असते. तिथे पगार जास्त आहे, घर जवळ आहे, पद मोठं आहे. पण ती नोकरी त्याने शोधली म्हणून सापडली. शोधायला का लागला, हे वेगळंच प्रकरण असतं. म्हणून विचारायचं असतं ते असं: ‘बाहेर बघावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या सुमारास इथे काय झालं होतं?’

एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण कारखान्यात काम केलेल्यांना ओळखीचं वाटेल. चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. त्याच्या क्वालिटी विभागात चाळीस माणसं आहेत आणि वर्षभरात त्यांतली नऊ सोडून गेली. सात फॉर्मवर ‘चांगली संधी’, दोनवर ‘घरगुती कारण’. मॅनेजरने निष्कर्ष काढला की शेजारचे कारखाने जास्त पैसे देतात आणि आपल्या हातात काही नाही. एचआरच्या बाईंनी मात्र नोटीसवर असलेल्या तिघांना एकेक करून बोलावलं आणि आधी गेलेल्या सहा जणांना फोन केले. त्यांतले चार बोलायला तयार झाले.

“मॅडम, तिकडे अडीच हजार जास्त मिळतात,” एका इन्स्पेक्टरने सुरुवात केली.

“ते ठीकच आहे. पण शोधायला कधी लागलात?”

“दिवाळीनंतर.”

“दिवाळीत काय झालं होतं?”

तो थोडा थांबला. “रजा पास झाली होती. गावी जायचं तिकीटही काढलेलं. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर शिफ्टची यादी आली, त्यात सोमवारी माझी सेकंड शिफ्ट. साहेबांना फोन केला तर म्हणाले, माणसं नाहीत, काय करू?”

सात जणांची उत्तरं एका तक्त्यात मांडली. प्रत्येकासाठी एक ओळ आणि तीन रकाने: शोध कधी सुरू केला, तेव्हा काय घडलं, काय झालं असतं तर थांबला असता. त्यांतल्या पाच ओळींत आयत्या वेळची शिफ्ट किंवा रद्द झालेली रजा होती. एकाचे वडील आजारी होते आणि एकाला खरोखरच दीडपट पगार मिळाला होता. या दोघांसाठी मॅनेजर फारसं काही करू शकला नसता, आणि तेही कळणं गरजेचंच होतं.

तरीही सात माणसं म्हणजे पुरावा नव्हे. अशीच यादी सोसून जे टिकले आहेत, त्यांचं म्हणणं यात आलेलंच नाही. म्हणून बाईंनी दोन ठिकाणी पडताळा घेतला. हजेरीत सोमवारच्या दांड्या इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त निघाल्या. मग विभागातल्या सहा जणांना त्यांनी विचारलं, “इथे सगळ्यात जास्त कशाचा वैताग येतो?” त्यांतल्या चौघांनी शनिवारच्या यादीचं नाव घेतलं.

‘यादी लवकर लावा’ असा हुकूम काढणं सोपं होतं, पण तो टिकला नसता. प्लॅनिंगकडून डिस्पॅचचा आराखडाच शुक्रवारी संध्याकाळी यायचा, त्यामुळे यादी शनिवारी बदलायची. मग मार्ग असा निघाला: मूळ यादी चार आठवड्यांची आधीच लावायची आणि दर आठवड्याला पाळीपाळीने दोन माणसं राखीव ठेवायची. आयत्या वेळचे बदल त्या दोघांच्याच वाट्याला जातील, आणि आपला राखीव आठवडा कोणता हे त्यांना महिनाभर आधी माहीत असेल. रजेच्या अर्जाला दोन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मंजूर रजा रद्द करायचीच असेल, तर विभागप्रमुखाने स्वतः फोन करून सांगायचं. प्रत्येक कामापुढे एकाचं नाव आणि एक तारीख लिहिली गेली.

सोडून जाणाऱ्यांचा आकडा कमी झाला का, हे कळायला वर्ष लागतं. तोवर थांबायची गरज नसते. यादी लावल्यानंतर आठवड्यात किती बदल झाले, हे दर सोमवारी मोजता येतं. आधी दहा-बारा होत असतील आणि दोन महिन्यांनीही तेवढेच राहिले, तर उपाय कागदावरच राहिला असं समजावं. बदल कमी झाले तरी माणसं जातच राहिली, तर निदान चुकलं असं मानून तक्ता पुन्हा उघडावा.

ही सगळी मेहनत एका वाक्याने वाया जाऊ शकते. तक्ता पाहून मॅनेजर विचारतो, “हे कोण बोललं?” विभाग लहान असेल तर नाव न सांगताही माणूस ओळखू येतो. त्यामुळे एकेकाचं म्हणणं मॅनेजरपर्यंत जाऊ द्यायचं नाही. तीन-चार जणांकडून तीच गोष्ट आली की दिवाळी, गाव, तिकीट असे तपशील काढून फक्त मुद्दा पुढे द्यायचा.

याला एक अपवाद आहे आणि तो बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायचा असतो. कोणी लैंगिक छळाबद्दल बोललं, तर ती गोष्ट तक्त्यातली एक ओळ म्हणून ठेवता येत नाही. 2013 च्या कायद्यानुसार त्यासाठी अंतर्गत समिती असते आणि तक्रारीला साधारणपणे तीन महिन्यांची मुदत असते. जाणाऱ्या व्यक्तीला हे त्याच बैठकीत सांगायला हवं.

तुम्ही मॅनेजर असाल तर पुढचा राजीनामा येईपर्यंत थांबू नका. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या तिघांना तुमच्या एचआरकडून फोन करवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: बाहेर बघायला कधी सुरुवात केली होती? मग त्या तारखांच्या आसपासची तुमची शिफ्टची यादी आणि रजेचे अर्ज काढून बघा.