दहा वाजता म्हणजे किती वाजता?

जानेवारीतल्या एखाद्या रात्री, पुण्यात आठ वाजता, हातातलं काट्यांचं घड्याळ उलटं धरून पाहा : बारा खाली, सहा वर. आकड्यांकडे दुर्लक्ष करून नुसते काटे वाचले तर अडीच वाजलेले दिसतात. तासकाटा दोन आणि तीनच्या मधोमध असायला हवा, तो नेमका दोनवर आहे, एवढी तूट खपवून घ्यायची. लंडनमध्ये त्या क्षणी दुपारचे अडीचच वाजलेले असतात! घड्याळ उलटं केलं की तासकाटा सहा तास मागे जातो आणि मिनिटकाटा अर्धा तास पुढे. सहातून अर्धा वजा केला की साडेपाच उरतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. दर १५ अंशांना एक तास धरला की ग्रिनिचपासूनचं अंतर बरोबर साडेपाच तास भरतं.

पण हीच युक्ती एप्रिलमध्ये करून पाहिली तर उत्तर एका तासाने चुकतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात, आणि मधले सात महिने आपल्यात आणि त्यांच्यात साडेचारच तास उरतात. म्हणजे ‘पुणे आणि लंडन यांच्या वेळेत किती फरक?’ या प्रश्नाचं उत्तर तारीख कळल्याशिवाय देताच येत नाही. त्यात तिसरं शहर आलं की खरी मजा सुरू होते.

एक साधी मीटिंग घेऊ. न्यूयॉर्कमधल्या टीमने ठरवलं : दर मंगळवारी, आमच्याकडचे सकाळचे दहा. सहकारी लंडनमध्ये आहेत आणि पुण्यात. महिना मार्च २०२६.

एका शहरातून दुसऱ्या शहरात थेट उडी मारण्यापेक्षा मध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर थांबणं शहाणपणाचं. ती वर्षभर हलत नाही, आणि प्रत्येक शहराचा हिशेब तिच्याशीच जोडलेला असतो. ३ मार्चला न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे आहे. दहात पाच मिळवले, १५ वाजले. लंडन हिवाळ्यात यूटीसीवरच चालतं, म्हणून तिथे दुपारचे तीन. पुण्यासाठी साडेपाच मिळवायचे : रात्रीचे साडेआठ.

८ मार्चच्या रविवारी अमेरिकेने घड्याळ पुढे केलं. तिथला नियम मार्चच्या दुसऱ्या रविवारचा आहे. आता न्यूयॉर्क यूटीसीच्या चारच तास मागे. १० मार्चला त्यांचे दहा म्हणजे यूटीसीचे १४. पुण्यातली मीटिंग साडेसातवर आली, लंडनमधली दोनवर. न्यूयॉर्कमधल्या मंडळींच्या भिंतीवर मात्र दहाच वाजलेत. आपण काही बदललं याची त्यांना जाणीवही नसते. १७ आणि २४ मार्चलाही हेच. मग २९ मार्चला ब्रिटनने घड्याळ पुढे केलं, आणि ३१ मार्चला लंडनची मीटिंग पुन्हा दुपारी तीनला गेली. पुणे साडेसातवरच राहिलं.

एकाच महिन्यात एकच मीटिंग पाहा : न्यूयॉर्कला ती जागची हलली नाही, पुण्यात एकदा सरकली, लंडनमध्ये सरकली आणि तीन आठवड्यांनी परत आली. आणि गंमत अशी की पुण्याने आपल्या घड्याळाला बोटही लावलेलं नाही. ज्यांनी काहीच बदललं नाही, त्यांच्या संध्याकाळचा बेत बदलला!

हे तीन आठवडे कुठून आले? ते कायद्यातून आले. अमेरिकेत पूर्वी उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होई आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपे. तेव्हा युरोपशी फारकत वसंतात साधारण आठवडाभराची असे आणि शरदात अजिबात नसे. २००५ सालच्या ऊर्जा धोरणविषयक कायद्याने हा काळ दोन्ही टोकांना लांबवला आणि २००७पासून तो लागू झाला. आता अमेरिकेची उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. त्यामुळे २०२६मध्ये २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा आठवडाही लंडनसाठी असाच विचित्र.

आता नेहमीचा घोटाळा. जुलैमधल्या मीटिंगच्या निमंत्रणात लिहिलेलं असतं : ‘10 a.m. EST’. या तीन अक्षरांचा काटेकोर अर्थ ‘यूटीसीच्या पाच तास मागे’, म्हणजे हिवाळी वेळ. अक्षर न् अक्षर पाळणारा पुणेकर हिशेब करून रात्री साडेआठला हजर होतो. पण लिहिणाऱ्याच्या मनात ‘न्यूयॉर्कमधले आत्ताचे दहा’ होते. उन्हाळ्यात त्याला EDT म्हणतात, आणि पुण्यात तेव्हा साडेसात वाजतात. मीटिंग संपलेली असते. चूक ओळखायची खूण सोपी : मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या तारखेपुढे EST दिसलं की थेट विचारावं, ‘न्यूयॉर्कची त्या दिवशीची वेळ ना?’ आपली अक्षरंही निर्धोक नाहीत. IST म्हणजे भारताची वेळ, तसंच इस्रायलची हिवाळी आणि आयर्लंडची उन्हाळी वेळसुद्धा.

म्हणूनच संगणक वेळेचा हिशेब करताना शहराचं नाव विचारतात. जगभरातले स्वयंसेवक एक यादी सांभाळतात. तिच्यात `America/New_York`, `Europe/London`, `Asia/Kolkata` अशा नावांखाली त्या त्या ठिकाणचे सगळे बदल तारखांनिशी नोंदलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं तासभर पुढे होती, तेही तिथे सापडतं. अनेक फोन, लॅपटॉप, कॅलेंडर या यादीवर चालतात. लिनक्सच्या पडद्यावर तिला थेट विचारता येतं :

```
TZ="Asia/Kolkata" date -d 'TZ="America/New_York" 2026-03-17 10:00' +"%F %R"
```

उत्तर येतं `2026-03-17 19:30`. तारीख बदलून `2026-03-03` करा, `20:30` मिळेल. उत्तरात तारीखही येते, हे महत्त्वाचं : सॅन फ्रान्सिस्कोची मंगळवारची संध्याकाळ पुण्यात बुधवारची सकाळ असते, आणि तास बरोबर काढूनही वार चुकलेला माणूस चोवीस तासांनी चुकतो.

हिशेब इतका पक्का असेल तर पुढच्या वर्षीची मीटिंग आजच यूटीसीत मांडून ठेवावी का? मेक्सिकोचं उदाहरण पाहा. समजा, २०२२च्या सुरुवातीला कोणी जुलै २०२३साठी मेक्सिको सिटीतले सकाळचे दहा ठरवले. तेव्हाच्या नियमांनुसार ते यूटीसीचे १५, पुण्याचे रात्रीचे साडेआठ. ऑक्टोबर २०२२मध्ये मेक्सिकोने देशाच्या बहुतेक भागांतली उन्हाळी वेळ रद्द केली. आता तिथल्या जुलैतल्या दहा वाजता यूटीसीचे १६ होतात, पुण्यात रात्रीचे साडेनऊ. ज्याने ‘मेक्सिको सिटी, सकाळी १०’ असं नोंदवलं, त्याचं कॅलेंडर यादी अद्ययावत होताच आपोआप सुधारलं. ज्याने ‘१५ यूटीसी’ नोंदवलं, त्याची मीटिंग मेक्सिकोत सकाळी नऊला लागली.

होऊन गेलेल्या मीटिंगची वेळ यूटीसीत लिहिली की ती कायमची पक्की. होणाऱ्या मीटिंगची मात्र शहर, तारीख आणि तिथल्या भिंतीवरची वेळ लिहावी. पुण्यात तेव्हा किती वाजतील, हे मीटिंगच्या आठवड्यात पुन्हा एकदा काढून पाहावं. मधल्या काळात एखाद्या संसदेने एक तास इकडचा तिकडे केलेला असू शकतो.