पानाच्या टोकाला अडकलेले ‘नाही’

गावच्या वाचनालयाची शताब्दी-पुस्तिका छपाईला निघाली आहे, असे समजा. आकार ए-५, पाने ३२, मजकूर १२ पॉइंटचा आणि दोन ओळींतले अंतर १८ पॉइंट. या हिशेबाने वरखाली समास सोडून एका पानावर २७ ओळी बसतात. १४व्या पानाची शेवटची ओळ अशी आहे: ‘पुढच्या वर्षीपासून वर्गणी वाढवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला’. वाचक १५व्या पानावर जातो आणि तिथे सर्वांत वर, उरलेली सगळी ओळ रिकामी ठेवून, एकच शब्द उभा असतो: ‘नाही.’

परिच्छेदाची शेवटची ओळ अशी पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडली, की मांडणी करणारे तिला विडो म्हणतात. नव्या परिच्छेदाची पहिलीच ओळ पानाच्या तळाशी एकटी राहिली, तर ती ऑर्फन. इंग्रजी पुस्तकात विडो डोळ्यांना खटकते. मराठीत ती अर्थालाही धक्का लावते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द उरला, तर तो बहुतेक वेळा ‘आहे’, ‘होते’ किंवा ‘नाही’ असतो. पहिले दोन नुसते ओळ वाया घालवतात. ‘नाही’ मात्र वाचकाला पान उलटेपर्यंत उलट अर्थ सांगत राहतो.

यावरचा तयार उपाय बहुतेकांच्या संगणकात आहे. वर्डमध्ये परिच्छेदाच्या चौकटीत Line and Page Breaks या भागात Widow/Orphan control ही खूण असते. इनडिझाइनमध्ये हेच काम Keep Options मधून होते. खूण केली की परिच्छेदाची एकच ओळ कुठेही सुटी राहत नाही, निदान दोन ओळी सोबत राहतात. खूण जरूर करावी, पण ती काय किंमत घेते तेही पाहावे. आपल्या उदाहरणात हा परिच्छेद सात ओळींचा आहे. त्याच्या सहा ओळी १४व्या पानावर आहेत आणि सातवी पुढे. संगणक सहावी ओळही पुढे ढकलतो. आता १४व्या पानावर २६ ओळी आणि शेजारच्या १५व्या पानावर २७. ही दोन्ही पाने पुस्तिकेत समोरासमोर उघडतात, त्यामुळे तळ वरखाली दिसतो. परिच्छेद तीनच ओळींचा असता तर त्याचे दोन-एक असे तुकडे करता आले नसते. तो अख्खा पुढच्या पानावर गेला असता आणि आधीच्या पानावर दोन ओळींची जागा रिकामी राहिली असती. त्याच्या डोक्यावर उपशीर्षक असते, तर तेही सोबत गेले असते आणि भगदाड आणखी मोठे झाले असते.

दुसरी सवय अक्षरांतले अंतर कमीजास्त करण्याची. रोमन लिपीत ओळ आवळायला हा उपाय जपून वापरता येतो. देवनागरीत तो मला मान्य नाही. अक्षरे लांब केली की शिरोरेषेत फटी पडतात, आणि जवळ आणली की वेलांट्या व रफार शेजारच्या अक्षरांवर चढतात. शिरोरेषा तुटलेली एकच ओळ सगळ्या पानात चटकन ओळखू येते. शब्दांमधले अंतर थोडे कमी करणे चालते, कारण त्याने अक्षरांना धक्का लागत नाही.

खरा इलाज मागच्या पानांवर सापडतो. तेराव्या-चौदाव्या पानावर असा परिच्छेद शोधायचा, ज्याची शेवटची ओळ एका लहान शब्दाची आहे. तो शब्द वरच्या ओळीत ओढला की एक अख्खी ओळ वाचते. इथे १३व्या पानावर असा परिच्छेद आहे: ‘…या सभेत स्वतंत्र इमारत बांधण्याचा निर्णय घेण्यात आलेला’ आणि खालच्या ओळीत एकटे ‘होता.’ त्याऐवजी ‘निर्णय घेण्यात आला’ केले, तर अर्थ तोच राहतो, वाक्य सुधारते आणि ओळ वाचते. पुढचा सगळा मजकूर एक ओळ वर सरकतो. सात ओळींचा तो परिच्छेद आता १४व्या पानावर २१व्या ओळीपासून २७व्या ओळीपर्यंत पुरा बसतो आणि ‘नाही’ आपल्या वाक्याजवळ येते. कार्यालयीन मराठीत ‘करण्यात आलेले होते’ अशी लांबण इतकी असते, की असा परिच्छेद बहुधा सापडतोच. तरीही शब्द बदलताना लेखकाला किंवा संपादकाला विचारावे. आठवणीत किंवा जुन्या ठरावाच्या उताऱ्यात एक अक्षरही हलवू नये. तिथे दुसरा परिच्छेद शोधावा. काहीच जमत नसेल, तर समोरासमोरची दोन्ही पाने २६ ओळींवर थांबवावीत. तळ सारखा राहिला की एक ओळ कमी असल्याचे जाणवत नाही.

एक ओळ हलली की पुढची पाने बदलतात, म्हणून हे काम पहिल्या पानापासून पुढे करत जायचे. प्रकरण नव्या पानावर सुरू होत असेल, तर धक्का त्या प्रकरणाच्या शेवटी थांबतो. घाईत अनेक जण जागच्या जागी Enter किंवा Shift+Enter दाबून ओळ तोडतात. मागे एक शब्द बदलला की तीच तोड ओळीच्या मध्यावर येते आणि अर्धी ओळ रिकामी राहते किंवा चार शब्द ताणून पसरतात. Ctrl+Shift+8 ने लपलेल्या खुणा दाखवून अशा तोडी काढून टाकाव्यात.

पान जमले की ओळींची टोके पाहावीत. ‘रु.’ एका ओळीत आणि ‘५००’ पुढच्या ओळीत, ‘इ. स.’ वर आणि साल खाली, ‘पु. ल.’ इकडे आणि ‘देशपांडे’ तिकडे, हे वाचताना ठेचकाळायला लावते. तिथे साध्या जागेऐवजी Ctrl+Shift+Space दाबून न तुटणारी जागा द्यावी. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे ‘कार्यकारिणीच्या’ किंवा ‘वर्गणीदारांकडून’ असा लांब शब्द ओळीत मावला नाही, की मागची ओळ विरळ होते. अशा शब्दात वर्डमध्ये Ctrl आणि - दाबून ऐच्छिक संयोगचिन्ह घालता येते. शब्द तिथे तुटला तरच ते छापले जाते. तोड अर्थाच्या सांध्यावर द्यावी: ‘कार्य-कारिणीच्या’, ‘वर्गणीदारां-कडून’. जोडाक्षराच्या पोटात तोड कधीच येऊ देऊ नये.

हे सगळे पीडीएफमध्ये पुन्हा पाहावे लागते. फॉन्ट पीडीएफमध्ये बंदिस्त करूनच मुद्रकाकडे द्यावा. वर्डची मूळ फाइल पाठवली आणि तिकडच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर दुसरा लागतो, शब्दांची रुंदी बदलते आणि साऱ्या ओळी नव्याने पडतात. तपासताना पाने जोडीने उघडावीत, पहिले पान एकटे उजवीकडे ठेवून, म्हणजे १४ आणि १५ खरोखर शेजारी दिसतील. या फेरीत मजकूर वाचायचा नाही. प्रत्येक पानाची पहिली ओळ, शेवटची ओळ आणि प्रत्येक परिच्छेदाचे शेपूट, एवढ्यावरच नजर फिरवायची. शुद्धलेखनाची दुरुस्ती त्याआधीच संपलेली असावी, कारण या फेरीनंतर घातलेला एकच शब्दही ‘नाही’ला पुन्हा पुढच्या पानावर ढकलू शकतो.