दडा नेमका कुठे बसलाय?

करंगळीने एक कान घट्ट बंद करा आणि तोंड मिटून ‘हंऽऽ’ असं गुणगुणा. आवाज बंद केलेल्याच कानात जास्त घुमेल. हाडांतून कानात आलेला आवाज एरवी भोकावाटे बाहेर निसटतो. वाट अडवली की तो आतच कोंडतो.

आता एक प्रसंग घ्या. पन्नाशीच्या एका गृहस्थांना सकाळी उठल्यावर उजव्या कानात दडा बसल्यासारखं वाटतं. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ झालेली, त्यामुळे मळ फुगला असेल म्हणून घरचे कोमट तेल घालायला सांगतात. तसं असूही शकतं. आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत अडथळा आला, की जो बहिरेपणा येतो त्याला डॉक्टर ‘कंडक्टिव्ह’ म्हणतात. मळ, कान फुटून पडद्याला पडलेलं भोक, सर्दीनंतर पडद्यामागे साठलेलं पाणी ही त्याची नेहमीची कारणं. मळ निघाला, पाणी ओसरलं की ऐकू येतं. पडद्याचं भोक शस्त्रक्रियेने बुजवता येतं. (कान वाहत असेल तर मात्र तेलाचा थेंबही घालू नये.)

पण दडा आणखी आतही बसलेला असू शकतो. तिथे गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात, त्या कंपनांचे संदेश करून मज्जातंतूकडे देतात. या पेशी किंवा तो मज्जातंतू बिघडला तर बहिरेपणा ‘सेन्सरीन्यूरल’. वय, मिरवणुकीतल्या भिंतींचा दणदणाट, गालगुंड, जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं यांनी तो येतो. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

त्या गृहस्थांचा दडा यातला कोणता, हे आतून जाणवत नाही. दोन्हीत कान सारखाच जड वाटतो. डॉक्टर कानात मळ आहे का बघतात आणि सेकंदाला ५१२ कंपनं करणारा नादकाटा कपाळाच्या मधोमध टेकवतात. आवाज दडा बसलेल्या उजव्या कानात मोठा आला तर अडथळा वाटेत आहे. तो डाव्या, चांगल्या कानाकडे गेला तर उजवा आतूनच मंदावलाय.

आवाज डावीकडे गेला आणि ऐकू येणं असं एकाएकी गेलेलं असेल, तर घाई करावी लागते. कारण बहुतेकदा सापडत नाही. काहींचं ऐकणं आपोआप परतही येतं, पण कुणाचं परतेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून ऑडिओमेट्री करून स्टेरॉईड लवकर सुरू करतात. पहिल्या दोन आठवड्यांत त्याचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत जास्त, पुढे ती घटत जाते. हेच दिवस तेल घालण्यात आणि मळ सुटण्याची वाट बघण्यात निघून जातात, याची मला फार हळहळ वाटते.

नादकाटा घरी नसतो, पण गुणगुणणं असतं. एका कानाला अचानक दडा बसला तर कान बोटाने बंद न करता ‘हंऽऽ’ करून बघा. आवाज चांगल्या कानात गेला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. दडा बसलेल्या कानात गेला तरी कान दाखवून घ्याच, कारण ही घरगुती परीक्षा कधीकधी चुकते.