पाचशे मुले, पण माहिती किती? : शाळानिहाय स्टँडर्ड एरर समजून घेऊ

एखाद्या उपक्रमाचा अहवाल आपल्या हातात येतो. त्यात लिहिलेले असते, "५०० विद्यार्थ्यांवर चाचणी, सरासरी गुणांत वाढ." आकडा मोठा दिसला की आपला विश्वास बसतो. पण ही ५०० मुले किती शाळांतली आहेत, हे आधी विचारा.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ (आकडे मी मानलेले आहेत). तालुक्यात चिठ्ठ्या टाकून २० शाळा निवडल्या. त्यांतल्या १० शाळांत वाचनाचा उपक्रम घेतला, १० शाळांत नाही. प्रत्येक शाळेत २५ मुले. चाचणी ५० गुणांची, मुलामुलांतील गुणांचे प्रमाण विचलन १०. शेवटी उपक्रमाच्या शाळांची सरासरी अडीच गुणांनी जास्त आली.

आता हा फरक खरा की योगायोगाचा? त्यासाठी स्टँडर्ड एरर काढतात. दुसऱ्या २० शाळा निवडल्या असत्या, तर हा फरक किती इकडेतिकडे हलला असता, याचा तो अंदाज असतो. नेहमीच्या सूत्राने तो सुमारे ०.९ येतो. अडीच भागिले ०.९ म्हणजे २.८. हे २ च्या वर गेले की साधारणपणे फरक ठळक मानतात. झाले, उपक्रम यशस्वी!

पण नेहमीचे सूत्र गृहीत धरते की ५०० मुले म्हणजे ५०० स्वतंत्र साक्षी. तसे असते का हो? एका शाळेतल्या २५ मुलांना गुरुजी एकच. गावातली घरे ऊसतोडीला गेली की एकाच वर्गातली बरीच मुले एकदम गैरहजर. चाचणीच्या दिवशी गावात लग्न असेल तर सगळ्यांचेच लक्ष बाहेर. म्हणजे ही मुले एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण एकाच पातेल्यातली २५ शिते तपासून बाकीच्या १९ पातेल्यांतला भात कळत नाही.

हे साम्य मोजता येते. गुणांतल्या एकूण फरकापैकी किती हिस्सा शाळाशाळांमधला आहे, ते पाहायचे. समजा तो ०.२ आहे. मग फुगवट्याचा गुणक असा:

१ + (२५ − १) × ०.२ = ५.८

५०० ला ५.८ ने भागा. हाती राहतात जेमतेम ८६ स्वतंत्र मुलांइतकी माहिती. स्टँडर्ड एरर ५.८ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.४ पटीने वाढतो. ०.९ चा झाला २.१५. आता अडीच भागिले २.१५ म्हणजे जेमतेम १.२. लक्षात घ्या, अडीच गुणांचा फरक तोच राहिला. बदलली ती आपली खात्री. खरा परिणाम उणे २ पासून अधिक ७ पर्यंत कुठेही असू शकतो.

पटत नसेल तर वहीत करून बघा. प्रत्येक शाळेची एकच सरासरी काढा. २० आकडे येतील. १० विरुद्ध १० अशी तुलना करा. शाळा सारख्या आकाराच्या असतील तर स्टँडर्ड एरर जवळपास २.१५ च येतो. संगणकही आतून असेच काहीसे करतो. प्रत्येक मुलाच्या चुकीचा (अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांतल्या फरकाचा) वेगळा वर्ग करण्याऐवजी आधी शाळेतल्या चुकांची बेरीज करतो, मग वर्ग. चुका एकाच दिशेच्या असल्या की बेरीज फुगते. आर मध्ये:

```
library(sandwich); library(lmtest)
m <- lm(gun ~ upakram, data = d)
coeftest(m, vcov = vcovCL(m, cluster = ~ shala))
```

याला 'क्लस्टर्ड' म्हणतात. हा क्लस्टर म्हणजे आपले केंद्र नव्हे! साधारणपणे ज्या पातळीवर उपक्रम वाटला, तो गट. मुंबई आणि वडोदऱ्यातील 'प्रथम'च्या बालसखी प्रयोगात हे छान दिसते. तिथे वस्तीतलीच एक तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवायची. काही शाळांत ती तिसरीला दिली, काहींत चौथीला. म्हणजे चिठ्ठी मुलाच्या नावाची नव्हती, शाळेतल्या इयत्तेची होती. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गुणांतली वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी होती. असे निष्कर्ष मांडताना चिठ्ठीच्या पातळीचा हिशेब आवश्यकच.

म्हणून अहवालात एवढे लिहावे : "फरक २.५ गुण, स्टँडर्ड एरर २.१५ (शाळानिहाय), शाळा २०, विद्यार्थी ५००." शाळांची संख्या गाळू नका. शाळा तीस-चाळीसपेक्षा कमी असतील तर संगणकाने काढलेला शाळानिहाय एररसुद्धा खऱ्यापेक्षा लहान येण्याची भीती असते. तेव्हा वरची सरासऱ्यांची साधी तुलना बरी.

आणि पुढच्या वेळी मुले वाढवायची झाली तर? त्याच २० शाळांत ५०-५० मुले घेतली, तर एरर २.१५ वरून फक्त २.०८ वर येतो. तीच हजार मुले ४० शाळांतून २५-२५ घेतली, तर १.५ वर.