चार वक्ते, तीन घड्याळं

ऑनलाइन परिसंवाद ठरवताना आपण विषयावर आठवडाभर खल करतो आणि वेळ मात्र दोन मिनिटांत ठरवून मोकळे होतो. खरा घोळ तिथेच होतो.

समजा, 14 मार्च 2026च्या शनिवारी मराठी शाळांवर परिसंवाद आहे. दोन वक्ते पुण्यात, एक लंडनला, एक न्यू जर्सीत. भारतातली संध्याकाळी साडेसातची वेळ ठरली. आठवडाभर आधी, 7 मार्चला, त्याच वेळी तालमीचा कॉल झाला. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजले होते. पण 8 मार्चला अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे गेली. आता आपले साडेसात म्हणजे तिथले दहा. तालमीच्या भरवशावर राहिलेल्या बाई तासभर आधी येऊन बसतील, हे तसं बरंच. पण निमंत्रण त्यांच्या नऊच्या हिशेबाने गेलं असेल तर पुणेकरांना साडेसहालाच हजर राहावं लागेल. म्हणून निमंत्रणात प्रत्येक शहराची तारीख आणि वेळ वेगळी लिहावी. ‘तुमच्या सकाळी’ एवढ्यावर भागत नाही.

तालमीला अर्धा तास पुरे. त्यात चर्चा करायची नाही; तिथे रंगलेला वाद प्रत्यक्षात शिळा होतो. आवाज, उजेड, पडद्यावरचं नाव आणि चित्रं दाखवायची असतील तर ती नीट दिसतात का, एवढं पाहायचं. वक्त्याने कार्यक्रमाच्या दिवशी वापरायच्या खोलीतून, त्याच यंत्रावरून यावं. ऑफिसातून केलेली तालीम घरच्या वायफायबद्दल काहीच सांगत नाही. कुणाची लाइन तुटली तर फोन कोणत्या नंबरवर करायचा आणि पुढे कोण बोलणार, हेही तेव्हाच ठरवावं.

वक्ते गेल्यावर सूत्रसंचालकाला दहा-पंधरा मिनिटं थांबवून घ्यावं. काही गोष्टी वक्त्यांसमोर बोलता येत नाहीत. कोण लांबण लावतो, कुणाला बोलतं करावं लागतं, कुणाचं कुणाशी मुळातच पटत नाही. मतभेदाची जागा त्याला ठाऊक असली तर तो प्रश्न तिथेच नेतो. नाहीतर चौघं आळीपाळीने एकमेकांना दुजोरा देत बसतात. त्याच्या हाती एकच कागद असावा: नावांचे नीट उच्चार, प्रत्येकाची एका ओळीत ओळख, प्रत्येकासाठी पहिला प्रश्न आणि मिनिटांचा हिशेब. पंचाहत्तर मिनिटांत प्रास्ताविकाला पाच, चौघांना सात-सात म्हणजे अठ्ठावीस, आपसातल्या चर्चेला बावीस, श्रोत्यांच्या प्रश्नांना पंधरा, आभाराला पाच. एकेकाने तीन मिनिटं जास्त घेतली की बारा मिनिटं जातात, आणि बहुधा ती श्रोत्यांच्याच वाट्यातून. वेळ संपल्याची खूण फक्त त्या वक्त्याला दिसेल अशी, आधीच ठरलेली असावी.

लंडनचं घड्याळ 29 मार्चला पुढे जाईल. कार्यक्रम एप्रिलवर ढकलला तर निमंत्रणातली तीही वेळ बदलायला विसरू नका.