चूक पर्यायातली बुद्धी

बहुपर्यायी प्रश्नातलं बरोबर उत्तर लिहायला एक क्षण पुरतो. शिक्षकाचा खरा कस लागतो तो चुकीच्या पर्यायांत.

सोलापुरातला इंग्रजी माध्यमाचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. काही मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी हिंदी, आणि सगळ्यांना मराठी शिकायचं आहे. शिक्षिकेला पाहायचं आहे की ‘ने’ लागलेल्या कर्त्यानंतर क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, हे मुलांना कळलंय का. ती लिहिते : ‘रमाने पुस्तक —’ आणि पर्याय देते : वाचलं, वाचली, वाचला, वाचले.

प्रश्न वरवर ठीक दिसतो, पण त्यात दोन उणिवा आहेत. ‘वाचलं’ हे बोलीतलं रूप आणि ‘वाचले’ हे लेखी, दोन्ही बरोबर. म्हणजे नीट मराठी येणारं मूलच इथे अडतं! दुसरी उणीव जास्त लपलेली आहे. ‘वाचली’ निवडणाऱ्या मुलाने रमाकडे पाहून स्त्रीलिंग धरलं, की हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी म्हणून? उत्तरपत्रिकेवरून काहीच कळत नाही.

आता ‘वाचलं’ काढून टाकू आणि नाव बदलू. ‘रमेशने पुस्तक —’ : वाचला, वाचली, वाचले. एवढ्याशा बदलाने चुका वेगळ्या होतात, आणि मला दरवेळी याचं नवल वाटतं. तेलुगूत क्रियापद कर्त्यामागे जातं, त्यामुळे ती सवय असलेलं मूल ‘वाचला’कडे वळतं. हिंदीचं लिंग सोबत आणणारं मूल ‘वाचली’कडे जातं. दोन चुकांना दोन वेगळे धडे लागतात, आणि कुणाला कोणता हवा ते खुणेवरून दिसू लागतं. चौथा पर्याय हवाच असं नाही. ‘वाचल्या’ टाकला तर तो कुणी निवडणार नाही, नुसती जागा अडेल.

असे पर्याय सुचतात कुठून? मुलांकडूनच. आधी तोच प्रश्न पर्यायांशिवाय, रिकामी जागा भरा म्हणून द्यायचा आणि वारंवार येणाऱ्या चुका उचलायच्या. मोठ्यांनी कल्पनेने रचलेल्या चुकांपेक्षा या कितीतरी खऱ्या असतात. चाचणीनंतर पुन्हा मोजायचं : एखादा चुकीचा पर्याय कुणीच निवडला नाही तर तो बदलायचा. आणि एरवी उत्तम गुण मिळवणारी मुलंच एका चुकीच्या पर्यायाकडे वळली, तर मुलांवर नव्हे, आधी प्रश्नावर संशय घ्यायचा.

तरी एका प्रश्नावर निदान करू नये. ‘रमेशने आवाज —’ असं विचारलं तर कर्त्यामागे जाणारं मूलही ‘ऐकला’ निवडतं आणि चुकीच्या नियमाने पूर्ण गुण मिळवतं. शिवाय तीन पर्यायांत तिसरा हिस्सा नशिबाचा. म्हणून ती शिक्षिका पुढे ‘रमेशने भाकरी —’ विचारते, मग ‘सीमाने आंबा —’, आणि त्याच मुलाच्या खुणा एका ओळीत लावून पाहते.