क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस: फरक खोलीचा आहे

‘दोन्ही एकच, आतड्याची सूज, फारच त्रास झाला तर तेवढा भाग कापला की सुटका,’ हे इतक्या खात्रीने सांगितले जाते की संताप येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसची सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये निरोगी पट्टा न सोडता मोठ्या आतड्यात वर सरकते, पण खोलवर जात नाही. ती मुख्यतः आतल्या अस्तरापुरती राहते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची नेहमीची जागा. तो मधले भाग सोडून उमटतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरू शकतो. गुंतागुंत वेगळी होते ती यामुळेच. अस्तर सोलले गेले की रक्त पडते, म्हणून कोलायटिसमध्ये रक्तमिश्रित जुलाब ठळक असतात आणि तीव्र झटक्यात मोठे आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते. भिंत आरपार सुजली, तर व्रण भरताना आतडे अरुंद होऊन तुंबते, किंवा गळू होऊन शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात, त्वचेपर्यंत वाट फुटते.

समजा, एका तरुणाचे भगंदर शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा फुटते, वजन घटते, उजव्या ओटीपोटात दुखते. कोलोनोस्कोपीत गुदाशय स्वच्छ, पण लहान आतड्याच्या टोकाशी व्रण. उपचार न घेतलेल्या कोलायटिसमध्ये गुदाशय सहसा सुटत नाही, म्हणून संशय क्रोन्सवर जातो. भारतात मात्र त्याच जागी क्षयाचे व्रणही होतात, तेव्हा आधी क्षय तपासावाच लागतो. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा वरवरचा असतो. भिंतीची खोली त्यात कळत नाही. त्यासाठी आतड्याचे एमआरआय किंवा सीटी लागते.

‘औषधे तीच, मग नावाने काय बिघडते?’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. स्टेरॉइड आणि इन्फ्लिक्सिमॅब दोन्हींत वापरतात. पण कोलायटिसमध्ये पायाभूत ठरणाऱ्या मेसालामाइनचा क्रोन्समध्ये फारसा उपयोग होत नाही, कारण ते अस्तरावर काम करते. शस्त्रक्रियेत तर फरक आणखी मोठा. गुदाशयासह मोठे आतडे काढले की कोलायटिसला आतड्यात जागाच उरत नाही (सांधे किंवा यकृताचा त्रास मागे राहू शकतो). क्रोन्समध्ये सुजलेला भाग काढला तरी रोग बहुधा जोडणीच्या जागीच परततो, म्हणून शल्यविशारद शक्य तितके आतडे वाचवतात. मोठ्या आतड्यापुरता क्रोन्स असेल तर निदान खरेच अवघड होते आणि काही रुग्णांत ते अनिश्चितच राहते. पण सीमेवरचे रुग्ण सापडतात म्हणून दोन्ही रोग एक ठरत नाहीत. अशा रुग्णात आतडे कापण्यापूर्वी अधिक तपासावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. तिखटामुळे हे रोग होत नाहीत, त्रास मात्र वाढू शकतो. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम वेगळा. त्यात व्रण नसतात. आणि कर्करोगाचा धोका फक्त कोलायटिसलाच नाही: क्रोन्सनेही मोठ्या आतड्याचा बराच भाग व्यापला असेल, तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी दुर्बिणीची नियमित तपासणी सुरू करावी लागते, त्रास थांबलेला असला तरीही.